कुत्रा चावला : लस झाली, पण जखमेतलं इंजेक्शन झालं का? आता देता येईल का?

पाणकळा – सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, घाईत लिहितेय. शनिवारी संध्याकाळी गावाकडे माझ्या भाचीला अंगणात कुत्रा चावला. चार वर्षांची आहे, वजन १५ किलो. डाव्या गालाला खोल जखम, डाव्या हाताला कोपराखाली दातांच्या दोन खुणा, आणि एका बोटाला थोडं. कुत्रा ओळखीचा नव्हता. वाडीतल्या पोरांनी त्याला काठ्यांनी मारला आणि ओढ्यात टाकला.

आईने घाबरून गालावर तेल आणि हळद लावली. रात्री जवळच्या एका खासगी डॉक्टरांनी गालाला दोन टाके घातले. रविवारी सकाळी सरकारी दवाखान्यात तीन इंजेक्शनं झाली, आता बुधवारी बोलावलंय. दादा म्हणतो, "सगळं झालं, लस पण आणि सिरम पण." पण मी पुण्यात एका मैत्रिणीशी बोलले, तर ती म्हणाली की सिरम जखमेतच टोचतात. जखमेत कुणी काहीच टोचलेलं नाही. मग ते सिरम झालं की नाही? आणि झालं नसेल तर दोन दिवसांनी देता येतं का?

गवतफूल – रात्री ९.१८

अगं, आधी तेल-हळद धुतली का? साबणाने? नसेल तर आत्ता फोन कर आणि धुवायला सांग. उशीर झाला तरी धुवायचं.

तात्या_माळशिरस – रात्री ९.३१

एवढं घाबरायचं कारण नाही. मला १९७९ साली चावलं होतं, बेंबीच्या भोवती चौदा इंजेक्शनं घेतली, आज नातवंडं खेळवतोय. तेव्हा जखमेत बिखमेत कुणी टोचत नव्हतं. आणि खरी गोष्ट सांगतो, कुत्रा दहा दिवस जगला तर काही नसतं. पोरांनी मारायला नको होता, बांधून ठेवायचा आणि वाट बघायची.

निळी_छत्री – रात्री ९.४४

पाणकळा, मी सिस्टर आहे, बारा वर्षं इंजेक्शन रूमला काढली. वहिनीला तीन गोष्टी विचार.

पहिली, दोन्ही दंडांवर बारीक सुईने टोचून मटाराएवढा फुगवटा आला होता का? आला असेल तर ती दोन्ही इंजेक्शनं लसच आहेत. कातडीत देतात ती, दर वेळी दोन्ही दंडांत एकेक, ०.१ मिली. दोन इंजेक्शनं दिसली की घरचे धरून चालतात की एक लस आणि एक सिरम. हा गैरसमज मी शेकडो वेळा पाहिलाय.

दुसरी, तिसरं इंजेक्शन कुठे दिलं? मांडीत किंवा दंडात अर्धा मिली असेल तर ते धनुर्वाताचं.

तिसरी, केसपेपरचा फोटो मागव. सिरम दिलं असेल तर त्यावर किती युनिट दिलं ते लिहिलेलं असतं.

पाणकळा – रात्री १०.०५

विचारलं. दोन्ही दंडांवर फुगवटे आले होते, अर्ध्या तासात गेले. तिसरं मांडीत. फोटोत एआरव्ही, म्हणजे लस, आणि टीटी, म्हणजे धनुर्वाताचं, इतकंच दिसतंय. पुढे काहीतरी खोडलंय.

म्हणजे सिरम नाहीच झालं?

निळी_छत्री – रात्री १०.०८

नाही झालं. बहुतेक त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं. पण मग "पुढे जाऊन घ्या" असं तोंडाने आणि कागदावर सांगायला हवं होतं.

घाटपायथा – रात्री १०.२६

मी निवृत्त सरकारी वैद्यकीय अधिकारी आहे. बरीच वर्षं श्वानदंशाची ओपीडी सांभाळली.

पाणकळा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो. देता येतं, आणि उद्या सकाळीच द्यायला हवं. पहिली लस ज्या दिवशी झाली तो शून्य दिवस. चावल्याचा दिवस धरायचा नाही. तुमचा शून्य दिवस रविवार, म्हणजे उद्या दुसरा. सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला लागलेलं असतं. बाहेरून ओतल्याने भर पडत नाही, उलट त्या कामात अडथळा येऊ शकतो. पण सात दिवस आहेत म्हणून रविवारपर्यंत थांबू नका. ही शेवटची मुदत आहे, सोयीची तारीख नव्हे.

सिरम कशासाठी, तेही सांगतो, म्हणजे दादाला पटवता येईल. लसीचा परिणाम दिसायला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर विषाणू जखमेतल्या स्नायूत असतो आणि तिथून मज्जातंतू पकडून मेंदूकडे सरकतो. एकदा तो मज्जातंतूत शिरला की आपल्या हातात फार काही राहत नाही. सिरम म्हणजे तयार प्रतिपिंडं, जखमेत जिथे विषाणू आहे तिथेच नेऊन सोडायची. पायाला चावलं तर अंतर जास्त असतं. गाल मेंदूपासून जवळ, शिवाय तिथे मज्जातंतूंचं जाळं दाट. म्हणून चेहरा, मान, डोकं आणि हाताची बोटं या जखमांना आम्ही सर्वांत जास्त घाबरतो.

तात्या, तुम्ही वाचलात याचा आनंदच आहे. पण तुमची ती चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लसीची होती. २००४ नंतर भारतात ती बनवणं थांबलं. दहा दिवसांचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कुत्रा किंवा मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. पण उपचार पहिल्या दिवशी सुरू करून मग वाट बघायची, आधी वाट बघून नाही. इथे तर कुत्राच उरला नाही. तो पिसाळलेला होता असं धरूनच चालायचं.

तात्या_माळशिरस – रात्री १०.४०

डॉक्टर, ते अर्धं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे सगळे वाटच बघतात.

मनीमाऊ – रात्री १०.४४

माझाही प्रश्न असाच आहे. आमच्या मांजराने काल मला ओरखडलं, थोडं रक्त आलं. मांजराला लस दिलेली आहे. मीही दोन वर्षांपूर्वी चार वेळा जाऊन पूर्ण कोर्स घेतलाय. मलाही जखमेत सिरम घ्यावं लागेल? विचारानेच पोटात गोळा आलाय.

घाटपायथा – रात्री १०.५२

मनीमाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांचा कोर्स पूर्ण झालाय आणि त्याचा कागद हातात आहे, त्यांना सिरम लागत नाही. फक्त दोनदा लस, पहिली शून्य दिवशी आणि दुसरी तिसऱ्या दिवशी. कातडीत घेतली तर एकाच जागी. शरीराला ओळख असते, ते लवकर जागं होतं. मांजराच्या लसीवर मात्र विसंबू नका. कार्ड शोधून उद्या जा. जखम धुवायला विसरू नका.

रेवदंडेकर – रात्री १०.५८

आमच्या वखारीत उंदीर चावतात. त्याला पण हे सगळं?

निळी_छत्री – रात्री ११.०१

घरातल्या उंदराला, घुशीला साधारणपणे नाही, धनुर्वाताचं घ्या. माकड, कोल्हा, मुंगूस असेल तर मात्र कुत्र्यासारखंच समजायचं. आता पाणकळाच्या प्रश्नावर राहू या का?

पाणकळा – रात्री ११.१५

धन्यवाद सगळ्यांना. दादा तयार झालाय, पहाटे निघतील, जिल्ह्याला दीड तास लागतो. मी पण पुण्याहून निघतेय. दोन शंका. टाके घातलेत त्याचं काय? काढायला लावतील का? आणि एका खासगी रुग्णालयात फोन केला तर म्हणाले, "आमच्याकडे सिरम नाही, नवीन इंजेक्शन आहे, पण ५० युनिटच लागेल." जिल्ह्याच्या ठिकाणी म्हणाले ६०० लागेल. एवढा फरक कसा?

औषधीवाला – रात्री ११.३०

मी केमिस्ट आहे, युनिटचं मी सांगतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सिरम किलोला ४० युनिट लागतं. १५ किलोला ६००. आपल्याकडच्या कुपीत सहसा एका मिलीत ३०० युनिट असतात, म्हणजे फक्त दोन मिली. माणसाच्या रक्तापासून केलेलं किलोला २०, म्हणजे ३०० युनिट. ते महाग असतं. नवीन म्हणजे मोनोक्लोनल, रक्तातून न काढता प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं २०१७ पासून बाजारात आहे, त्याचा डोस किलोला ३.३३ युनिट, म्हणून ५०. कंपनीनिहाय माप वेगळं असतं. झायडसच्या मोनोक्लोनलचा डोस परत किलोला ४० आहे. त्यामुळे आकड्यावरून कमी-जास्त ठरवू नका. कुपीवर नाव काय आहे आणि त्या नावाला किती, एवढंच बघा.

अंबाघाट – रात्री ११.३८

पण ते मोनोक्लोनल एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाचं असतं ना? घोड्याच्या सिरममध्ये नाना प्रकारची असतात. मी तरी जुनंच घेईन.

घाटपायथा – रात्री ११.४९

हा वाद डॉक्टरांमध्येही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मोनोक्लोनललाही पर्याय म्हणून मान्यता दिली. झायडसच्या औषधात दोन वेगवेगळी प्रतिपिंडं आहेत, ती याच शंकेपोटी. एकच प्रतिपिंड सगळीकडच्या विषाणूला पुरेल का, यावर माझंही मत पक्कं नाही. पण एक पक्कं आहे. जे आधी हाताशी येईल ते घ्या. निवड करण्यात दिवस घालवू नका.

टाक्यांबद्दल. सिरमआधी टाके घालायला नको होते. सुई ओढताना विषाणू आत ढकलला जाऊ शकतो, म्हणून शक्यतो जखम उघडी ठेवतात. घालावेच लागले तर आधी सिरम, मग काही तास थांबून एखाद-दुसरा सैल टाका. आता घातलेत, तर मी असतो तर टाके न काढता त्यांच्या कडेने सगळीकडून सिरम सोडलं असतं. काही सर्जन काढतात. उद्या जे डॉक्टर जखम बघतील त्यांना ठरवू द्या, पण टाके सिरमआधी घातलेत हे त्यांना स्पष्ट सांगा.

आणखी एक. दोन मिली सिरम गाल, हात आणि बोट सगळ्यांना पुरणार नाही. मग सलाइन मिसळून दुप्पट-तिप्पट करतात. ते योग्यच आहे, "पाणी घातलं" म्हणून भांडू नका. एकही जखम कोरडी राहता कामा नये. घरून निघण्याआधी पोरीला उजेडात बसवून केसांत, कानामागे, मानेवर, बोटांच्या बेचक्यांत बघा. लहान मुलांना जखम कुठे आहे ते सांगता येत नाही.

माळावरचा – मंगळवार, सकाळी ७.१२

कुत्र्यावरून आठवलं. आमच्या गावात एक म्हैस पिसाळली होती. तिचं दूध डेअरीला गेलेलं, त्यात तिच्या दुधाचं ताक एका तेराव्याच्या पंगतीला वाढलेलं. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव लसीसाठी रांगेत. तालुक्यातली लस दोन दिवसांत संपली. त्यात खरंच धोका होता का, ते आजवर कुणी सांगितलं नाही.

निळी_छत्री – सकाळी ७.४०

तापवलेल्या दुधाला धोका नाही. ताकही तापवलेल्या दुधाचंच असणार. पण म्हशीच्या तोंडात हात घालून जो औषध पाजत होता, त्याच्या हाताला चीर असेल, तर खरी गरज त्याला. अशा रांगेत तोच मागे राहतो आणि लस संपते. आम्ही गर्दीत आधी विचारायचो, "लाळ कुणाच्या हाताला लागली?" मग दोन-तीनच माणसं पुढे यायची.

मांडवी – सकाळी ८.०५

आमच्या गोव्यात कुत्र्यांना दरवर्षी घरोघर, रस्तोरस्ती फिरून लस देतात. २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. तरी कुणाला चावलं की दवाखान्यात हेच सगळं करतात. पाणकळा, काय झालं ते कळव गं.

पाणकळा – दुपारी २.२०

झालं. सविस्तर लिहिते, कारण काल मला हे कुठेच सापडत नव्हतं.

वहिनीने पहाटे उजेडात बघितलं, तर डाव्या कानामागे केसांत एक ओरखडा होता, रक्त वाळलेलं. तीन दिवस कुणालाच दिसला नव्हता. डॉक्टर, तुम्ही लिहिलं नसतं तर तो तसाच राहिला असता.

रुग्णालयात आधी सगळ्या जखमा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतल्या. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, गालाजवळ हलक्या हाताने. मग पोव्हिडोन आयोडीन. तिला वजनकाट्यावर उभं केलं, १५ किलो १०० ग्रॅम. घोड्याचं सिरम होतं. दोन मिलीत सलाइन घालून सहा मिली केलं. टाके तसेच ठेवले, गालावर चहूबाजूंनी बारीक सुईने सोडलं. गाल टम्म फुगला. मग कान, मग हात. बोटाला अगदी थोडं, कारण तिथे जास्त दाबलं तर रक्तपुरवठा अडतो म्हणाले. शेवटी अर्धा मिली उरलं, तेही हाताच्या जखमेभोवतीच सोडलं. पोर इतकी रडली की दादा बाहेर जाऊन उभा राहिला. मी तिचं डोकं धरून होते.

तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने "उरलेलं कमरेत द्या" म्हटलं होतं, डॉक्टर नाही म्हणाले. तासभर बसवून ठेवलं, जोराची ॲलर्जी आलीच तर द्यायला शेजारी ॲड्रेनालिन तयार होतं. काही त्रास झाला नाही.

घाटपायथा – दुपारी २.५५

फार चांगलं केलं त्यांनी. उरलेलं कमरेत देण्याची रीत आमच्याही वेळी होती. २०१८ नंतर तिचा आग्रह राहिला नाही, कारण लांबच्या स्नायूत दिलेल्या सिरमचा जखमेतल्या विषाणूवर फारसा उपयोग होत नाही. सिमल्याच्या डॉ. ओमेश भारती यांनी सिरमच्या टंचाईत फक्त जखमेतच द्यायची पद्धत लावून धरली. एका माणसाच्या डोसमध्ये अनेकांचं भागायचं. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

बुधवारची लस चुकवू नका. आजच्या सिरममुळे लसीच्या तारखा बदलत नाहीत.

अंबाघाट – दुपारी ३.१०

वेळापत्रकाचा मला घोळ वाटतो. माझ्या मुलाला २०१२ ला दंडात पाच इंजेक्शनं दिली, ०, ३, ७, १४, २८. इथे चार फेऱ्या. अमेरिकेत माझ्या बहिणीला चार दिली, ०, ३, ७, १४. खरं कोणतं?

घाटपायथा – दुपारी ३.३४

तिन्ही. स्नायूत दिली की एका फेरीला एक अख्खी कुपी लागते, तेव्हा आपल्याकडे पाच फेऱ्या. कातडीत दिली तर ०, ३, ७, २८, दर वेळी दोन जागी. कातडीत संरक्षणाच्या पेशी दाट असतात, म्हणून इतक्या थोड्या लसीत काम होतं आणि एका कुपीत बऱ्याच लोकांचं भागतं. जागतिक संघटना कातडीतल्या कोर्सला सातव्या दिवशी थांबलं तरी चालेल म्हणते. आपल्या राष्ट्रीय सूचनांत अठ्ठाविसावा दिवस आहे. मी पोरीला अठ्ठाविसावाही देईन.

दोन गोष्टी मात्र कुठेही बदलत नाहीत. लस कधीही कुल्ल्यात देत नाहीत, तिथे चरबीत अडकते. आणि एखादी तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलेली लगेच घेऊन पुढे जायचं.

निळी_छत्री – दुपारी ३.५०

माझीही एक भर. काही ठिकाणी "चार पेशंट जमले की कुपी फोडू, उद्या या" म्हणतात. कुपी फोडली की सहा ते आठ तासांत संपवावी लागते, म्हणून. पण शून्याच्या दिवशी असं ऐकू नका. तिथे कुणी जमायची वाट बघायची नसते.

पाणकळा – पुढच्या गुरुवारी, रात्री ८.४०

मंडळी, परत आले. बुधवारची आणि रविवारची लस झाली. आज सकाळपासून मात्र तिच्या अंगावर गांधी उठल्यात, गुडघे दुखतात म्हणून चालत नाही, अंग कोमट आहे. वहिनीने रेबीजच झाला असं समजून रडायला सुरुवात केली. दादा म्हणतो पुढची लस नकोच.

घाटपायथा – रात्री ८.५२

मंगळवारी सिरम झालं, आज नववा दिवस. घोड्याच्या सिरमनंतर काहींना आठवड्या-दीड आठवड्याने असंच होतं. गांधी, सांधेदुखी, बारीक ताप. ते घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध असतं, रेबीज नव्हे. पाणी पिते ना नीट? उजेडाला, वाऱ्याला घाबरत नाही ना? आज रात्रीच दाखवा, सिरम कोणतं आणि कधी दिलं तो कागद सोबत न्या. बहुधा ॲलर्जीचं औषध देतील आणि चार-पाच दिवसांत ओसरेल. याचा लसीशी संबंध नाही. लसीत घोड्याचं काही नसतं. अठ्ठाविसाव्या दिवसाची थांबवू नका.

पाणकळा – शुक्रवार, सकाळी ११.०५

तेच निघालं. औषध दिलंय, रात्री शांत झोपली. आज पाणी पिऊन वर लिंबू सरबत मागितलं. दादाला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं तेव्हा पटलं.

तात्या_माळशिरस – सकाळी ११.३०

पोरीला आशीर्वाद. काल आमच्या शेजाऱ्याच्या पायाला कुत्र्याने धरलं, थोडं रक्त आलं. तो कुत्रा बांधून दहा दिवस थांबणार होता. मी त्याला नळाखाली बसवला, पंधरा मिनिटं मी स्वतः घड्याळ बघत होतो, मग गाडीवर घालून तालुक्याला नेला. तिथे लस दिली, सिरम नव्हतं. उद्या जिल्ह्याला जातोय. डॉक्टर, कुत्रा जिवंत आहे आणि बांधलेला आहे, तरी सिरम घ्यायचंच ना?

घाटपायथा – दुपारी १२.१०

रक्त आलंय, म्हणजे घ्यायचंच. कुत्रा दहा दिवसांनी ठणठणीत असला तरी कातडीतला कोर्स पूर्ण करायचा. पुढच्या वेळी शेजाऱ्याला दोनच लसी लागतील. जाताना त्याला वजन करून न्या, तात्या, आणि मांडीचा मागचा भागही बघा.

तात्या_माळशिरस – दुपारी १२.२५

बघितला. पोटरीला मागून अजून एक दात लागलेला आहे.

पाणकळा – रविवार, दुपारी १.००

अठ्ठाविसावा दिवस झाला. शेवटचे दोन फुगवटे आले तसे तिने स्वतः मोजले. गालावर व्रण राहील, टाक्यांच्या जागी थोडा ओढलाय. कार्डाचा फोटो तिघांच्या फोनमध्ये ठेवलाय, मूळ कार्ड वहिनीने देवघरात.